चिमणीतून तेलाचा थेंब पडतो तेव्हा

"दादा, आमच्याकडे सहा वर्षांपासून चिमणी आहे. स्टीलच्या पट्ट्यांच्या दोन जाळ्या आणि ऑटो-क्लीनचं बटण. बटण आहे म्हणून चिमणी कधी उघडलीच नाही, जाळ्या वरवर पुसायचो तेवढंच. बटणही आठवलं तर वर्षातून एकदोनदा दाबलं असेल. गेल्या आठवड्यात भाजीच्या कढईत वरून पिवळट थेंब पडला. परवा सासूबाई मिरच्यांची फोडणी करत होत्या, तर जाळ भपकन वर जाळीपर्यंत गेला आणि लगेच विझला. हे म्हणतात, काही होत नाही, बटण दाब. मला आता गॅससमोर उभं राहायची भीती वाटते. जाळ्या घरी कशा धुवायच्या? आणि हे खरंच पेटू शकतं का?
— एक वाचक, डोंबिवली"

ताई, पेटू शकतं. म्हणून आधी आजचं बोलू, सफाईचं नंतर. जाळ्या धुऊन होईपर्यंत तळण बंद ठेवा, मोठ्या आचेवरची फोडणी बंद ठेवा, वांगं किंवा पापड थेट जाळावर भाजू नका, आणि ते ऑटो-क्लीनचं बटण तर मुळीच दाबू नका. वरणभात, कुकर, चहा खुशाल करा. भांडं बर्नर झाकेल एवढं असू द्या आणि रिकामा बर्नर चिमणीखाली जळत ठेवू नका.

आता एक नखाची परीक्षा करून बघा. चिमणी बंद करून गार होऊ द्या. जाळी खाली काढा, उलटी करा आणि तिच्या मागच्या बाजूला, म्हणजे एरवी दिसत नाही त्या बाजूला, नख फिरवा. मग तेच नख चिमणीच्या आतल्या पत्र्यावर फिरवा. बोट नुसतं ओशट झालं तर ते रोजच्या स्वयंपाकाचं तेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बोट उचलताना गुळाच्या पाकासारखी तार सुटली तर जाळी धुवायची वेळ होऊन गेली आहे. आणि नख रुतून खोबणी पडली, नखात तपकिरी मेण आलं, तर तो थर पेटण्याजोगा झाला असं समजा. ब्रिटनमध्ये हॉटेलांच्या धुराच्या नळांसाठी जो दंडक वापरतात त्यात थराची सरासरी जाडी २०० मायक्रॉन झाली की नळ साफ करा असं आहे. २०० मायक्रॉन म्हणजे वहीचे दोन कागद एकावर एक ठेवले तर होईल एवढं. तो दंडक हॉटेलांचा आहे, घराला तो कुणी लावत नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. नख रुततं तेव्हा थर त्याच्या पुष्कळ पुढे गेलेला असतो.

तुमच्याकडे थेंब पडला म्हणजे नखाची वाटही बघायला नको. पट्ट्यांच्या जाळीत धूर सरळ वर जात नाही. त्याला दोन वळणं घ्यावी लागतात, त्या वळणांवर तेलाचे बारीक कण पत्र्याला आपटतात, तिथेच थांबतात आणि पन्हळीतून ओघळत तेलाच्या वाटीत जमतात. थेंब खाली कढईत पडतो तेव्हा एकतर ती वाटी भरून वाहत असते, नाहीतर पन्हळ्या चिकट्याने बुजलेल्या असतात. बहुतेक घरांत दुसरंच असतं. लोक वाटी काढून बघतात, ती जवळजवळ रिकामी दिसते, आणि म्हणतात, बघा, काही साचलेलंच नाही. अहो, ते साचलंय वर! खाली यायचं थांबलंय म्हणून वाटी रिकामी आहे.

तेल खाली यायचं का थांबतं हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. ताजं तेल पातळ असतं, ते वाहतं. पण पत्र्यावर पातळ पसरलेलं तेल रोज तापतं, हवा खातं, आणि त्याचे कण एकमेकांना चिकटून लांब साखळ्या होतात. तुमच्या जुन्या कढईच्या बाहेरून जो तपकिरी, न निघणारा थर बसलेला असतो ना, तो हाच प्रकार. आठवड्याभराचं तेल गरम पाण्याने निघतं. महिन्याभराच्या तेलाला सोडा लागतो. वर्षाचा थर खरवडावा लागतो. तुमच्याकडे तर सहा वर्षं गेली आहेत.

ऑटो-क्लीनबद्दल साहेबांचा जो समज आहे तो फक्त त्यांचा नाही, दुकानात बटण दाखवून तसंच विकतात. त्या बटणाने आत एक तापणारी कॉइल सुरू होते. पंख्यावर आणि त्याच्या भोवतीच्या डब्यात बसलेलं तेल तापून पातळ होतं आणि वाटीत उतरतं. काम एवढंच. जाळ्या त्याने धुतल्या जात नाहीत आणि पाइप तर नाहीच नाही. शिवाय ते वितळवतं ताजं तेल. पंधरा दिवसांनी नेमाने दाबलं असतं तर सहा वर्षांत पंख्यावर फारसं काही बसलं नसतं. आता जो थर कडक झालाय तो त्या उष्णतेने पुरता वितळणार नाही, अर्धवट मऊ होईल, वाटीपर्यंत न पोचता मोटरच्या बाजूला आणि तारांवर ओघळेल. जुन्या थरावर कॉइल तापवणं मला तरी पसंत नाही. आधी एकदा पंखा हाताने साफ करून घ्या, मग बटण नेमाने वापरा. आणि वापराल तेव्हा खालचा गॅस बंद हवा, वाटी रिकामी हवी.

जाळ्या घरी नक्की धुता येतात. त्याआधी जाळी कशाची आहे ते ओळखा, कारण इथेच लोक वस्तू खराब करतात. लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर स्टील. नाही चिकटला तर लगेच ॲल्युमिनियम समजू नका, काही चांगल्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. मग वजन बघा. ॲल्युमिनियमची जाळी हातात घेतली की पुठ्ठ्यासारखी हलकी लागते. तुम्ही पट्ट्यांची लिहिली आहे म्हणजे स्टीलचीच असणार, पण तुमचं पत्र वाचून शेजारच्या ताई त्यांची तारांची जाळी सोड्यात घालतील म्हणून सांगतो: ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा चालत नाही, ते काळं पडतं. कॉस्टिक सोड्यात तर त्याला फेस येऊन ते झिजतं. त्यातून निघणारा वायू हायड्रोजन, म्हणजे पुन्हा जळणाराच. त्या जाळ्यांना नुसतं कढत पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, फार तर खाण्याचा सोडा थोडा वेळ. थोडी जास्त मेहनत पडते, इलाज नाही.

तुमच्या स्टीलच्या जाळ्यांसाठी असं करा. चिमणीचा स्विच नव्हे, भिंतीवरचा मेन बंद करा. शेगडीवर आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरा. रबरी हातमोजे घाला, या पट्ट्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि सोड्याचं पाणी कापलेल्या बोटाला झोंबतं. जाळीची कडी दाबून पुढची बाजू खाली घ्या आणि जाळी आडवीच धरून उतरवा. उभी केलीत की मधलं तेल तुमच्या कोपरावरून खाली. तेलाची वाटी काढा, पण ती बेसिनमध्ये ओतू नका, ते तेल पुढे नळीत जाऊन गोठतं आणि महिन्याभराने प्लंबर बोलवावा लागतो. रद्दीत टिपून कचऱ्यात टाका.

मग बाथरूममध्ये जाळी आडवी मावेल असा टब किंवा मोठी परात घ्या. परात घेतलीत तर स्टीलची, ॲल्युमिनियमची नको. बादलीत जाळी अर्धीच बुडते आणि अर्धी तशीच राहते. साधारण आठ लिटर पाणी, हाताला सोसणार नाही एवढं गरम. त्यात चार मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि दोन चमचे भांड्यांचं लिक्विड. धुण्याचा म्हणजे कपड्यांचा सोडा, किराणा दुकानात वेगळा मागा, खाण्याचा सोडा इथे फारसं काही करत नाही. धुण्याचा सोडा तेलाचा थोडा साबणच करून टाकतो, त्यामुळे तेल पाण्यात सुटतं. जाळी बुडवून अर्धा तास तशीच सोडा. पाणी चहासारखं होईल, वर तपकिरी साय येईल. ते पाणी टाका आणि पुन्हा नवीन पाणी, नवीन सोडा. सहा वर्षांच्या जाळीला तीन पाण्यं लागतील असं धरून चला. पहिल्या पाण्यात काहीच निघालं नाही म्हणून घाबरून ॲसिड आणू नका, पहिलं पाणी वरचं कवच नुसतं मऊ करतं.

दुसऱ्या पाण्यानंतर जुना दात घासायचा ब्रश घ्या आणि पन्हळीच्या लांबीच्या दिशेने घासा. पट्ट्यांच्या टोकांना, जिथे दोन पट्ट्या चौकटीत शिरतात, तिथे चिकटा कोंदून बसतो. तिथे आइस्क्रीमची लाकडी काडी उपयोगी पडते. तारेची घासणी वापरू नका. तिने ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी तेल त्या ओरखड्यांत घट्ट बसतं. धुऊन झाल्यावर जाळी उजेडासमोर तिरकी धरून बघा, पन्हळीची खालची भोकं मोकळी दिसली पाहिजेत. ती बुजलेली राहिली तर वरून कितीही चकाकली तरी थेंब पुन्हा पडणार.

शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन जाळ्या उभ्या करून पूर्ण वाळवा. उन्हात दोन तास, पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर. ओली जाळी लावून चिमणी सुरू केलीत तर तेच पाणी मोटरकडे ओढलं जातं.

दोन गोष्टी मात्र अजिबात नकोत. संडास साफ करायचं ॲसिड जाळीला लावू नका. चिकट्याला त्याने काही होत नाही, स्टीलला मात्र गंजाचे ठिपके पडतात. आणि ॲसिडसोबत चुकून ब्लीचिंग पावडर आली तर क्लोरिनचा वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसं जाळतो. दुसरं म्हणजे सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस काढायची जी हौस हल्ली दिसते, ती करमणूक म्हणून ठीक आहे. दोघं एकमेकांना मारतात आणि शेवटी खारं पाणी उरतं. तेलाला फेसाशी काही देणंघेणं नसतं.

जाळी काढलेलीच आहे तर टॉर्च घेऊन आत बघा. पिंजऱ्यासारखा गोल पंखा दिसेल. त्याच्या पात्यांवर मधाचे थेंब लोंबताहेत असं दिसलं, किंवा चिमणी सुरू केल्यावर ती घुमल्यासारखी थरथरत असेल, तर पंखा एका बाजूला जड झालाय. हे काम घरी करू नका. कुठलंही पाणी किंवा फवारा आत मारू नका, तिथे मोटर आहे, कपॅसिटर आहे, आणि तारा आहेत ज्यांच्यावरचं प्लास्टिक तेलाने आणि उष्णतेने मऊ पडलेलं असू शकतं. आगीचं दुसरं मूळ तेच आहे. पहिलं खालून येणारा जाळ, दुसरं वरची जड झालेली, तापलेली मोटर. मोटरने त्रास द्यायला सुरुवात केली की आधी आवाज जाड होतो, ओढ कमी होते, आणि मग जळक्या रबरासारखा वास येतो. वास आला त्या दिवशी चिमणी बंद करायची, मेनसकट, आणि मेकॅनिक येईपर्यंत लावायची नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, भीतीचा. रोजच्या स्वयंपाकाने चिमणी पेटत नाही. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल साधारण २२०–२३० अंशांच्या आसपास धुरायला लागतं, पण ठिणगीशिवाय, आपलं आपण पेटायला ते साडेतीनशे अंशांच्या आसपास तापावं लागतं. भांड्यावरून वर जाणारी वाफ जाळीपर्यंत पोचते तेव्हा त्याच्या जवळपासही नसते. जाळीला धोका होतो तो प्रत्यक्ष जाळ तिला चाटतो तेव्हा. तुमच्याकडे परवा तेच झालं. तापलेल्या तेलात ओल्या मिरच्या पडल्या, पाण्याची एका क्षणात वाफ झाली, तिने तेलाचे कण हवेत उडवले आणि ते कण खालच्या जाळावर पेटले. चिमणी सुरू होती, तिने तो भडका वर ओढला. तो एक क्षणच टिकला म्हणून जाळी तापली नाही. पट्ट्यांची जाळी असल्याचाही फायदा झाला, तिच्या वळणांमुळे जाळ सहजी आत शिरत नाही. तारांची जाळी असती आणि ती अशीच तेलाने भिजलेली असती, तर तो समईचा काकडाच झाला असता.

असा काकडा मी एकदा बघितला आहे, ठाण्यात माझ्या मावसबहिणीकडे. तिची चिमणी तारांच्या जाळीची. तिला बटणापर्यंत हात पोचत नव्हता म्हणून तिने ती खाली बसवून घेतली होती, शेगडीपासून जेमतेम वीस इंचांवर. हे अंतर २६ ते ३० इंच हवं, आपल्या चिमणीच्या पुस्तकात नेमकं किती लिहिलंय ते बघा, पण वीस कुठेच नसतं. दिवाळीच्या आधी दोन दिवस चकल्या आणि शेव झाली होती, जाळी धुवायची राहिली. तिसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांसाठी कढई मोठ्या गॅसवर ठेवली, आणि कुरिअरवाला आला म्हणून ती दाराशी गेली. सही, सुट्टे पैसे, शेजारणीशी दोन शब्द. परत आली तेव्हा कढईवर धूर होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत कढई पेटली.

तिने गॅस बंद केला, हे अगदी बरोबर. पण घरभर धूर झाला म्हणून चिमणी सगळ्यात मोठ्या वेगावर केली. तिथे चुकलं. जाळ सरळ होऊन जाळीत शिरला, जाळीतलं तेल पेटलं, आणि जळते थेंब ओट्यावर टपटप पडू लागले. भाच्याने प्रसंगावधान राखून मेन पाडला आणि कढईवर परात पालथी घातली. जाळी त्यानंतरही दीड-दोन मिनिटं आपली आपण जळत राहिली, मग तेल संपल्यावर विझली.

मी दुसऱ्या दिवशी चिमणी उतरवली. जाळी काळी, हाताने चुरा होईल अशी. मोटरच्या तारांचं प्लास्टिक वितळून एकमेकींना चिकटलं होतं. पण मला खरा घाम फुटला तो पाइप काढताना. प्लास्टिकचा पाइप होता, माळ्यावरून, प्लायवूडच्या फळ्यांमधून बाथरूमच्या डक्टकडे नेलेला. चिमणीजवळचं टोक मऊ होऊन पिळलेल्या पिशवीसारखं बसलं होतं. पुढे दोन वळणांच्या मधे पाइप लोंबला होता, आणि त्या झोळात काकवीसारखं दाट, काळसर तेल साचलं होतं. ओतलं तर मोठी वाटी भरली. जाळ तिथवर गेला नाही, कारण मेन वेळेवर पडला. पंखा अजून मिनिटभर फिरता तर ते तेल आणि माळ्यावरचं प्लायवूड यांच्यामध्ये फक्त तो पाइप होता.

म्हणून तुम्हालाही सांगतो, जाळ्या धुऊन हात पुसून बसू नका, पाइप बघा. जाळीतून निसटलेलं तेल पंख्यावर बसतं, तिथून निसटलेलं पाइपमध्ये. पाइपकडे कुणी बघत नाही, कारण तो कपाटामागे असतो. सांध्याजवळ हात लावा. टेपवर चिकटा झिरपलेला असला, भिंतीवर तपकिरी ओघळ असला, किंवा बाहेरच्या बाजूने भिंतीवर काळी मिशी उमटली असली, तर आत थर आहे. घड्या असलेला ॲल्युमिनियमचा पाइप साफ करत बसू नका, प्रत्येक घडीत तेल बसलेलं असतं आणि घासताना तो फाटतो. बदलून टाका. नवा घ्याल तो धातूचाच घ्या, रुंदी चिमणीच्या तोंडाएवढीच, बहुतेकांची सहा इंच असते. चार इंचांत कोंबू नका. तो ताणून बसवायला सांगा, झोळ नको, वळणं कमीत कमी. प्लास्टिकचा पाइप ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि जळला तर घशाला चरचरणारा विषारी धूर सोडतो.

आणि बाहेरचं तोंड. डोंबिवलीत कबुतरं नाहीत असं तर नाही ना? झाकणाची पट्टी तुटली की कबूतर आत घरटं करतं. काड्या, पिसं, वर तेलाची वाफ रोज बसणार. शेकोटी रचायची झाली तर आणखी काय लागतं? शिवाय तोंड बुजल्यामुळे धूर घरात राहतो, आणि लोक म्हणतात मोटर कमजोर झाली. बाहेरून झाकण आणि मोठ्या भोकांची जाळी लावून घ्या. बारीक मच्छरजाळी लावू नका, ती महिन्याभरात तेलाने बुजते.

समजा इतकं करूनही कधी जाळ वर गेलाच, तर क्रम घरातल्या सगळ्यांना माहीत हवा, सासूबाईंनाही. पहिला गॅस बंद. बर्नरच्या बटणापर्यंत हात जाण्यासारखा नसेल तर सिलिंडरचं. लगेच चिमणी बंद, तीही भिंतीवरच्या मेनने, कारण चिमणीच्या बटणासाठी जाळावरून हात न्यावा लागतो. मग कढईवर झाकण, बाजूने सरकवत, आपल्या दिशेने नाही तर आपल्यापासून लांब. झाकण नसेल तर परात. ते झाकण गार होईपर्यंत उचलायचं नाही, उचललं की हवा मिळून कढई पुन्हा पेटते. पाणी एक थेंबही नाही. एका लिटर पाण्याची सतराशे लिटर वाफ होते आणि ती जळतं तेल उचलून छतापर्यंत नेते. पेटलेली कढई उचलून बेसिनकडे धावायचं नाही. जाळी जळत असेल तर ती ओढून काढायची नाही.

आणि वर पाइपमध्ये घरघर ऐकू आली, पाइपजवळची भिंत तापली, किंवा बाहेरच्या तोंडातून धूर येताना दिसला, तर आग तुमच्या हातातली राहिलेली नाही. सगळ्यांना बाहेर काढा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. वरच्या मजल्यावरच्यांना दार वाजवून सांगा, कारण तो डक्ट त्यांच्याही बाथरूममधून जातो.

पुढचं वेळापत्रक साधं आहे. तुमच्यासारख्या घरात, जिथे रोज दोनतीन फोडण्या होतात, पट्ट्यांची जाळी तीन ते चार आठवड्यांनी धुवायची. तारांची असेल तर दर पंधरवड्याला. वाटी दर रविवारी बघायची. ऑटो-क्लीन, एकदा आतून साफ झाल्यावर, पंधरा दिवसांनी. वर्षातून एकदा मेकॅनिककडून पंखा उतरवून घ्यायचा, आणि तो दिवाळीच्या आधी, फराळाची कढई चढायच्या आधी. पण फराळ झाला की जाळ्या त्याच रात्री धुवा. दमलेल्या असाल हे कबूल, तरी धुवा. त्या रात्री दहा मिनिटांचं काम असतं, महिन्याने तेच दोन तासांचं होतं.

मेकॅनिकला बोलवाल तेव्हा फोनवरच विचारा, पंखा बाहेर काढून धुणार का आणि पाइप सोडवून बघणार का. काहीजण जाळीवर फवारा मारतात, बाहेरची काच चमकवतात आणि पैसे घेऊन जातात. तुमचे सहा वर्षांचे पैसे पंख्यात आणि पाइपमध्ये अडकले आहेत. तो काम करताना समोर उभ्या राहा, आणि पाइपचं सुटं टोक परातीवर तिरकं करायला लावा. काय निघतं ते साहेबांनाही दाखवा.

सगळं परत बसल्यावर वर्तमानपत्राचं अर्धं पान जाळीखाली धरा आणि चिमणी मधल्या वेगावर करा. पान जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. किती वेगावर चिकटतं ते कपाटाच्या आतल्या बाजूला तारखेसकट पेन्सिलीने लिहून ठेवा. काही महिन्यांनी तेच पान चिकटायला एक वेग वर करावा लागला, की थेंब पडायची वाट बघू नका.